कृषी प्रदर्शनातला पहिला स्टॉल: उद्दिष्ट, चौकशीचा फॉर्म आणि नंतरचे सात दिवस

नोव्हेंबर ते जानेवारी हा महाराष्ट्रातल्या कृषी प्रदर्शनांचा हंगाम. नाशिकचे कृषीथॉन, मोशीचे किसान, बारामतीचे कृषिक आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली लहान प्रदर्शने याच काळात भरतात. अवजारे, पंप, ठिबकचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखानदार पहिल्यांदा स्टॉल घेतो, तेव्हा त्याचे सगळे लक्ष जागा, फ्लेक्स आणि पत्रकांवर असते. चार दिवस गर्दी होते, पत्रके संपतात, व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा जमतो. कारखान्यात परतल्यावर साचलेले काम समोर येते, आणि महिन्याभराने त्या गठ्ठ्यातल्या लोकांना आपण कोण हेही आठवत नाही.

म्हणून नियोजनाची सुरुवात उलट्या टोकाकडून करावी. प्रदर्शन संपल्यानंतरच्या आठवड्यात कोण, कोणाला, कशासाठी फोन करणार हे आधी ठरवायचे. फॉर्म, स्टॉलची मांडणी आणि माणसे मग त्या हिशेबाने आपोआप ठरत जातात.

उदाहरण म्हणून बॅटरीवर चालणारे १६ लिटरचे पाठीवरचे फवारणी पंप बनवणारा सांगली भागातला एक छोटा कारखाना घेऊ. प्रदर्शन गुरुवार ते रविवार, चार दिवसांचे. खालचे आकडे हिशेबाची पद्धत दाखवण्यासाठी मानलेले आहेत. तिथे आपले आकडे घालायचे.

उद्दिष्ट: पंप विकायचे की दुकानदार जोडायचे?

स्टॉलवर सुटे पंप विकण्याचा मोह होतो, कारण रोख हातात येते. पण पंप म्हणजे चार्जर, डायफ्राम, नोझल, बॅटरी यांची पुढची सेवा आली. दूरच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला विकलेला एकटा पंप सहा महिन्यांनी बंद पडला की तो पाठवायला जवळ दुकान नसते, आणि गावात नाव खराब होते. म्हणून या कारखान्याने उद्दिष्ट धरले: कृषी सेवा केंद्र चालवणारे नवे विक्रेते जोडायचे.

किती? ते खर्चावरून काढायचे. तीन बाय तीन मीटरची, म्हणजे ९ चौरस मीटरची जागा, दर ९,००० रुपये चौरस मीटर धरला तर ८१,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ९५,५८०. छपाई आणि मांडणी २२,०००, तिघांचे राहणे-जेवणे ३२,०००, टेम्पो १२,००० आणि किरकोळ ८,४२०. एकूण १,७०,०००. आता एका पंपामागे कारखान्याला ४०० रुपये सुटतात आणि एक बरा विक्रेता वर्षाला ६० पंप उचलतो असे धरले, तर एका विक्रेत्यामागे वर्षाला २४,००० रुपये आले. सात विक्रेत्यांत खर्च जेमतेम निघत नाही, आठांत निघतो. उद्दिष्ट झाले: ९० दिवसांत पहिली ऑर्डर देणारे आठ नवे विक्रेते.

आता मागे चालत जायचे. मनापासून रस दाखवणाऱ्या तिघांतला एक ऑर्डर देईल असे मानले, तर असे २४ दुकानदार हवेत. ते मिळण्यासाठी साधारण ६० दुकानदारांशी नीट बोलणे व्हायला हवे. चार दिवसांत ६०, म्हणजे रोज १५. एका बोलण्याला १२ मिनिटे धरली तर रोज तीन तास. हे जमण्यासारखे आहे. हाच हिशेब रोज ६० बोलण्यांवर आला असता, तर बारा तास लागले असते. मग माणसे वाढवायची किंवा उद्दिष्ट कमी करायचे, हे निदान घरी बसून कळले असते. पहिल्या वेळी ही प्रमाणे अंदाजाचीच असतात. दुसऱ्या प्रदर्शनापासून आपल्याच फॉर्मांवरून काढलेली खरी प्रमाणे वापरता येतात.

उद्दिष्टात तालुकेही लिहावेत. आधीच चांगला विक्रेता असलेल्या तालुक्यातून पाच दुकानदार आले तर त्यांना काय सांगायचे, हे स्टॉलवर उभे राहून ठरवता येत नाही. रिकाम्या तालुक्यांची यादी फॉर्मच्या पॅडच्या पुठ्ठ्यावर आतून चिकटवून ठेवा.

जागा ठरवताना

आयोजकाकडून नकाशा मागवा आणि खांब कुठे आहेत, स्टॉलची उघडी बाजू कोणत्या वाटेकडे येते हे पाहा. दोन बाजू उघडी असलेल्या कोपऱ्याच्या जागेला बहुधा जादा आकार लागतो. पंपाचे प्रात्यक्षिक दाखवायचे असेल तर तो द्यावा, कारण दुकानदाराशी एका बाजूला बोलणे चालू असताना दुसऱ्या बाजूला शेतकरी पंप पाठीला लावून पाहू शकतात. जेवणाच्या दालनासमोरची जागा गर्दीची वाटते, पण तिथून जाणाऱ्याचे लक्ष जेवणाकडे असते.

तयार स्टॉलमध्ये साधारणपणे भिंतींचे पॅनल, गालिचा, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, काही दिवे आणि एक प्लग मिळतो. नेमके काय मिळणार हे आयोजकाच्या पुस्तिकेत असते. त्यातच नावाची पट्टी, जादा वीज, प्रवेशपास यांचे अर्ज आणि त्यांच्या मुदती असतात. मुदत चुकली की तेच सामान जादा दराने घ्यावे लागते, आणि नावाच्या पट्टीवर बुकिंगच्या अर्जातले इंग्रजी नाव जसेच्या तसे चढते. ते मराठीत हवे असेल तर लेखी कळवा.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांना ठरावीक प्रदर्शनांतल्या स्टॉलभाड्यासाठी केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या योजनेतून मदत मिळू शकते. आपले प्रदर्शन तिच्यात बसते का, याची चौकशी पैसे भरण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. मिळेल असे धरून बजेट मात्र करू नये.

माल नेताना तो विक्रीचा नसून प्रदर्शनासाठी आहे हे दाखवणारे डिलिव्हरी चलन बरोबर असावे. ई-वे बिल लागते का, ते मालाच्या किमतीवरून आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्या. परतीच्या मालासाठीही कागद लागतो, हे रविवारी रात्री टेम्पो दारात उभा असताना आठवून उपयोग नाही.

मांडणी

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे टेबल समोर आडवे लावून त्याच्यामागे खुर्च्यांवर बसणे. त्याने नऊ चौरस मीटरचा स्टॉल दुकानाच्या काउंटरसारखा बंद होतो. लोक बाहेरून पत्रक उचलतात आणि पुढे जातात. टेबल बाजूच्या भिंतीला लावा, समोरची पूर्ण बाजू मोकळी ठेवा आणि प्रात्यक्षिक वाटेपासून एक पाऊल आत घ्या. बघणारा आपोआप आत येतो आणि मागच्यांची वाट अडत नाही.

मागच्या भिंतीवर मजकूर छातीच्या उंचीच्या वर असावा. खालचा भाग माणसांनी आणि पंपांनी झाकला जातो. तीन ओळी पुरतात: वस्तू काय, कोणासाठी, आणि "तालुकानिहाय विक्रेते नेमणे आहे". ही शेवटची ओळ सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, कारण आपल्याला हवा असलेला माणूस तीच वाचून थांबणार आहे. पॅनलचे छापायचे माप आयोजकाकडून घ्या. चौकटीच्या पट्ट्यांमुळे दिसणारा भाग पॅनलपेक्षा लहान असतो आणि कडेची अक्षरे कापली जातात.

फवारणी वाटेवर उडवू नये. समोरून पारदर्शक असलेल्या खोक्यात नोझल धरा आणि आत पाण्याने निळा होणारा पिवळा कागद लावा. थेंब किती बारीक पडतात, कुठे सुटतात, हे दुकानदाराला दोन सेकंदांत दिसते. हा कागद घामाच्या बोटांनीही निळा होतो, म्हणून कडेला धरायचा आणि डबा बंद ठेवायचा. पाणी फक्त साधे, आणि खाली ट्रे. मंडपात पाणी वापरायला चालते का, हे आयोजकाला आधी विचारा.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी अडवते. रात्री प्रदर्शन बंद झाले की बऱ्याच ठिकाणी स्टॉलची वीजही बंद होते. चार्जिंगला लावून गेलेला पंप सकाळी अर्धाच भरलेला सापडतो. बॅटऱ्या मुक्कामाच्या खोलीवर चार्ज करा आणि प्रात्यक्षिकासाठी एक जादा भरलेला पंप टेबलाखाली ठेवा.

पहिला प्रश्न आणि दोन वाटा

येणाऱ्यांतले बहुतेक शेतकरी असतात, त्यांच्यात दुकानदार मिसळलेला असतो. त्याला ओळखायला कपड्यांवर जाऊ नका, विचारा: "दादा, स्वतःच्या शेतासाठी बघताय की दुकानासाठी?" या एका प्रश्नाने दोन वाटा होतात.

शेतकऱ्याला पंप पाठीला लावून पाहू द्या, किंमत आणि हमी सरळ सांगा. अनुदान मिळेल का, हा प्रश्न हमखास येतो. महाडीबीटीवर अर्ज कोणत्या बाबीसाठी करता येतो याची खात्री आधी करून तिघांनीही एकच उत्तर द्यायचे, पदरचे काही नाही. मग त्याला विचारा की त्यांच्या भागात औषधे आणि पंप कोणत्या दुकानातून घेतात. गाव आणि दुकानाचे नाव साध्या वहीत लिहा. त्याचा फॉर्म भरू नका. एकाच दुकानाचे नाव तीन-चार शेतकऱ्यांनी घेतले, तर तो दुकानदार प्रदर्शनाला आलेला नसला तरी आपल्या यादीत आला. रिकाम्या तालुक्यांसाठी ही वही कधीकधी फॉर्मांपेक्षा जास्त कामाला येते.

दुकानदाराला टेबलाजवळ बसवा, पाणी-चहा द्या आणि फॉर्म काढा. स्टॉलवर तिघे असावेत: एक प्रात्यक्षिकाला, एक दुकानदारांशी बोलायला, एक दोन्हींकडे लागेल तसा. दुपारच्या आधी गर्दी एकदम चढते. त्या वेळी कोणी जेवायला जायचे नाही. शनिवार-रविवारी सहकुटुंब येणारे वाढतात, म्हणून दुकानदारांच्या साठ बोलण्यांतली निम्म्याहून जास्त गुरुवार-शुक्रवारी व्हायला हवीत असे धरून चाला.

चौकशीचा फॉर्म

फॉर्म कागदी ठेवा. गर्दीत मोबाइलचे नेटवर्क रेंगाळते आणि गुगल फॉर्म पाठवण्याच्या बटणावर अडकतो. शिवाय भरणाऱ्याची मान स्क्रीनमध्ये गेली की समोरच्याचे बोलणे थांबते. बिलबुकासारखे, दुहेरी पानांचे, क्रमांक छापलेले ५० पानी दोन पॅड पुरतात. वरचे पान रोज रात्री फाडून फाइलला लागते, खालचे पॅडमध्येच राहते. क्रमांक छापलेले असले की एखादे पान गहाळ झाल्याचे त्याच दिवशी कळते.

पानावर फार रकाने नकोत:

- दुकानदाराचे आणि दुकानाचे नाव, गाव, तालुका
- व्हॉट्सॲपचा मोबाइल क्रमांक
- सध्या कोणते पंप ठेवतात आणि हंगामात किती जातात
- त्यांनी काय विचारले: दर, उधारी, सुटे भाग, नमुना
- आपण काय कबूल केले आणि कधीपर्यंत
- आठवडी बाजाराचा वार
- प्रत: अ, ब किंवा क, आणि लिहिणाऱ्याची सही

क्रमांक लिहून झाला की तिथेच त्यावर मिस्ड कॉल द्या. एक आकडा चुकलेला फॉर्म म्हणजे कोरा कागद. मग आपला क्रमांक त्यांच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करायला सांगा. याचे कारण तांत्रिक आहे: व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरली तर ज्याने आपला क्रमांक सेव्ह केला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. "या क्रमांकावर माहिती पाठवण्यास माझी संमती आहे" अशी एक ओळ तळाशी छापून त्यावर खूण करून घ्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, आणि उद्या कोणी "माझा नंबर कुठून मिळाला" म्हणून विचारले तर उत्तर हातात असते.

सगळ्यांत महत्त्वाचा रकाना "काय कबूल केले" हा. तो रिकामा असेल तर पुढच्या आठवड्यात फोन करायला निमित्तच नसते, आणि "काय मग, विचार केला का?" या प्रश्नाला "बघू" हेच उत्तर येते. "३० दिवसांच्या उधारीवर दहा पंपांचा दर मंगळवारपर्यंत पाठवतो" असे लिहिलेले असले, की फोन कोणी, कधी आणि कशासाठी करायचा हे ठरलेलेच असते.

प्रत ठरवायचा नियम तिघांसाठी एकच हवा, नाहीतर उत्साही माणूस सगळ्यांना अ देतो. तालुका रिकाम्यांच्या यादीत आहे, आज पंप विकतो, आणि स्वतःहून दर, उधारी किंवा सुट्या भागांबद्दल विचारले: तिन्ही असतील तर अ. दोन असतील तर ब. बाकी क. "फार छान पंप आहे" असे म्हणणे यात कुठेच मोजले जात नाही. सुटे भाग विचारणारा मात्र बहुधा खरा ग्राहक असतो. परत आलेल्या पंपांनी हात पोळलेला असल्याशिवाय कोणी डायफ्रामची किंमत विचारत नाही.

बरणीत कार्ड टाका आणि बक्षीस जिंका, हा प्रकार टाळा. त्यात बक्षीस हवे असलेल्यांची कार्डे जमतात, आणि खरे वीस लोक त्या तीनशेंत हरवतात.

रोज संध्याकाळी स्टॉल बंद झाल्यावर अर्धा तास तिघांनी बसायचे. फॉर्मांचे क्रमांक मोजायचे, अपुरे रकाने आठवते आहे तोवर भरायचे, पंधराच्या तुलनेत आज किती झाले ते पाहायचे. गुरुवारी सातच झाले असतील तर शुक्रवारी काही बदला: भिंतीवरची विक्रेत्यांची ओळ दिसते का, पहिला प्रश्न विचारला जातो का, की तिघेही शेतकऱ्यांना पंप दाखवण्यातच गुंतलेत? मग त्या दिवशीच्या फॉर्मांचे फोटो कारखान्यात राहिलेल्या माणसाला पाठवा. त्याने ते दुसऱ्या दिवशी सकाळी एक्सेलमध्ये चढवायचे.

नंतरचे सात दिवस

२४ अ फोन, प्रत्येकी १५ मिनिटे, म्हणजे सहा तास. उरलेले ३६, प्रत्येकी पाच मिनिटे, म्हणजे तीन तास. एकूण नऊ तास, अधिक दरपत्रके. हा वेळ प्रदर्शनाच्या आधीच कॅलेंडरवर अडवून ठेवा आणि त्या आठवड्यात त्या माणसाला उत्पादनाचे काम देऊ नका. पाठपुरावा मरतो तो इथेच.

पहिला संदेश प्रदर्शन चालू असतानाच, त्याच रात्री जातो: दुकानदाराचे नाव, स्टॉलवर कशाबद्दल बोलणे झाले ती एक ओळ, दोन एमबीच्या आतला कॅटलॉग, आणि फोन कधी करणार तो वार. एकच मजकूर अनोळखी क्रमांकांना भराभर पाठवला तर व्हॉट्सॲप आपला क्रमांक रोखू शकते. रोज पंधराच आहेत, एकेक पाठवा.

रविवारी रात्री फॉर्मांची फाइल टेम्पोत जाऊ देऊ नका, हातात घ्या.

सोमवारी नोंदी पूर्ण करायच्या आणि दुबार नावे काढायची. दोघे भाऊ एकाच दुकानातून वेगवेगळ्या दिवशी येऊन गेलेले असतात, आणि त्यांना दोन वेगळे दर गेले तर पंचाईत होते. वहीतली दुकानेही याच यादीला जोडा.

मंगळवार-बुधवारी अ प्रतीचे फोन. जो स्टॉलवर बोलला त्यानेच करायचे. सकाळी दुकानात गिऱ्हाईक असते. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी. फॉर्मवरचा बाजाराचा वार इथे कामी येतो, त्या दिवशी फोन करूच नये. बोलण्याची सुरुवात कबूल केलेल्या गोष्टीपासून: "साहेब, दहा पंपांचा दर काल पाठवला, उधारीचे लिहिले आहे ते जमेल का?" फोन संपताना पुढचे पाऊल आणि तारीख घ्यायची. दोनदा फोन उचलला नाही तर तिसऱ्यांदा संध्याकाळी, मग एक संदेश.

दर विचारलेल्यांना बुधवारपर्यंत लेखी दरपत्रक गेले पाहिजे: घाऊक दर, जीएसटी, वाहतूक कोणाची, उधारीचे दिवस, सुट्या भागांची किंमत, हमीत काय येते. उधारीचा नियम आधीच ठरवलेला असावा. पहिला माल रोखीने किंवा अर्ध्या आगाऊवर, उधारी दुसऱ्या ऑर्डरपासून, असे स्पष्ट सांगितलेले दुकानदाराला चालते. फोनवर "बघू, करू काहीतरी" म्हटले की तो सर्वांत लांबची मुदत गृहीत धरतो.

गुरुवारी ब प्रतीचे फोन आणि क प्रतीला फक्त संदेश. शुक्रवारी ज्यांनी नमुना मागितला त्यांचा पंप रवाना, बरोबर एक डायफ्राम आणि एक नोझल जास्त. नमुना फुकट देऊ नका. घाऊक दराने द्या आणि पहिल्या ऑर्डरीत ती रक्कम वळती करा. फुकटचा पंप दुकानाच्या माळ्यावर जातो.

शनिवारी भेटींचा मार्ग आखा. अ प्रतीचे होकारार्थी दुकानदार नकाशावर टाकले की दोन-तीन पट्टे दिसतात, आणि एका दिवसात एका पट्ट्यातली चार-पाच दुकाने होतात.

रविवारी प्रत्येक फॉर्मसमोर पाचपैकी एकच शब्द लिहिलेला हवा: ऑर्डर, भेट, नमुना, नंतर, नाही. "नंतर"समोर तारीख नसेल तर ते "नाही" समजा. खरिपासाठी दुकानदार माल भरतात तो काळ एप्रिल-मे. डिसेंबरात "आत्ता नको" म्हणणाऱ्याला मार्चअखेरची तारीख घालणे योग्य. रिकाम्या रकान्यांचे फॉर्म उरले असतील तर ते कोणाच्या नावावर आहेत हे पाहा. बहुधा एकाच माणसाचे निघतात.

पुढच्या वर्षीच्या बुकिंगवर सूट असल्याचे आयोजक शेवटच्या दिवशी सांगतो. तेव्हा होकार देऊ नका. ९० व्या दिवशी एक्सेलमध्ये पहिली ऑर्डर दिलेल्यांची संख्या मोजा, आठाच्या शेजारी लिहा, आणि सूट गेली तरी त्यानंतरच पैसे भरा.